आडवा धागा ओढून पाहा

गोव्यात राहणाऱ्या मराठी घरात शालींची कमतरता नसते. सत्कार झाला की शाल-श्रीफळ, बारसं असो वा साठीशांत, शाल येतेच. आमच्या डिचोलीच्या घरी कपाटाचा एक खण अशा शालींनी भरलेला आहे. त्यांतली एकही थंडीत उपयोगाची नाही, कारण त्या खांद्यावर घालून फोटो काढण्यापुरत्याच विणलेल्या असतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी आईसाठी खरी उबदार शाल घ्यायची असं मी ठरवलं आणि तिथेच फसलो.

पेडण्यात एका कामाला गेलो होतो. परतताना हरमलच्या रस्त्यावर शालींची दुकानं दिसली. एका दुकानात मी ‘पश्मिना’ मागितली. दुकानदाराने बोटातली अंगठी काढून त्यातून अख्खी शाल सर्रकन ओढून दाखवली. मी तरी शंका घेतली, तेव्हा त्याने झालरीचा एक धागा तोडून लायटरने जाळला. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटाने चुरडली. "साहेब, असली माल," तो म्हणाला. किंमत साडेतीन हजार. मी आनंदाने दिली.

मग आमच्या शांतादुर्गेचा नवा सोमवार आला. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, पालखी रात्रभर फिरते, गाण्याच्या बैठका पहाटेपर्यंत चालतात आणि मध्यरात्रीनंतर दंव पडायला लागतं. आई दरवर्षी शेवटपर्यंत बसते. त्या वर्षी दोन वाजताच म्हणाली, "घरी ने रे बाबा. ही शाल ओली वाटतेय अंगावर." घरी आल्यावर तिने आणखी एक वाक्य ऐकवलं, "लोकर म्हणतोस, मग थंडी कुठून शिरते?"

ते वाक्य मनात राहिलं. दुसऱ्या दिवशी मी शाल उजेडात घेऊन बसलो.

कापडात दोन दिशांचे धागे असतात. मागावर आधी ताणलेला उभा धागा म्हणजे ताणा, आणि त्यातून आडवा फिरवला जातो तो बाणा. शालीच्या दोन टोकांना जी झालर असते ती ताण्याचीच उरलेली टोकं असतात. म्हणजे दुकानदाराने झालर जाळून दाखवली तेव्हा मला अर्धीच शाल दाखवली होती. झालर जिथे सुरू होते तिथला अगदी शेवटचा आडवा धागा सुईने हळूच सैल केला तर तो सहज सुटून येतो आणि शालीला काही होत नाही. मी तो काढून चिमट्यात धरून जाळला. तो कागदासारखा भरभर पेटला, वासही कागदाचाच आला आणि मागे भुरकट मऊ राख राहिली. तो व्हिस्कोज होता. व्हिस्कोज लाकडाच्या लगद्यापासून बनतो. दिसायला मऊ आणि चकचकीत असतो, पण उबेचा नाही. दंवाचं पाणी शोषलं की तो गार आणि जड होतो. आईला जाणवलेली ओल तीच.

जळलेल्या धाग्यातून एवढं कळतं: केसासारखा वास आणि चुरडणारी काळी राख असेल तर तो प्राण्याचा धागा, म्हणजे लोकर, पश्मिना किंवा रेशीम. कागदाचा वास असेल तर सूत किंवा व्हिस्कोज. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक, पॉलिस्टर किंवा नायलॉन. वास केसाचा आला, पण राखेत कडक मणी लागला, तर एकाच धाग्यात दोन्ही कातलेले आहेत. पण अशी भेसळ थोडी असेल तर नाकाला आणि बोटाला ती सापडत नाही. तिथे दुसरी परीक्षा लागते. काचेच्या वाटीत कपडे धुण्याचं साधं क्लोरीनवालं ब्लीच थोडं घ्या आणि त्यात धाग्याचा बोटभर तुकडा बुडवून ठेवा. प्राण्याचा धागा अर्ध्या तासात बुडबुडे सोडत विरघळून जातो. जे शिल्लक राहतं ते व्हिस्कोज, सूत किंवा कृत्रिम. ब्लीच ताजं हवं, खिडकी उघडी हवी आणि त्यात दुसरं कुठलंही साफसफाईचं द्रावण मिसळायचं नाही. माझ्या शालीचा ताणा पूर्ण विरघळला, बाणा जसाच्या तसा राहिला.

आणि अंगठीची परीक्षा? ती फक्त कापड किती पातळ आणि निसरडं आहे ते सांगते. व्हिस्कोजची शाल अंगठीतून उत्तम जाते. उलट घट्ट विणीची खरी पश्मिना अडकू शकते. ती परीक्षा विसरून जा.

आता खरा प्रश्न. ताणा-बाणा दोन्ही प्राण्याचेच निघाले, तर ती पश्मिना झाली का? नाही. मेंढीची लोकर आणि बकरीची पश्मिना दोन्ही सारख्याच जळतात आणि ब्लीचमध्ये सारख्याच विरघळतात. इथून पुढचा फरक जाडीचा आहे. तो मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात.

लडाखच्या चांगथांग पठारावर, चौदा हजार फुटांच्या आसपास चांगथांगी बकऱ्या असतात. हिवाळ्यात त्यांच्या जाड केसांखाली अतिशय बारीक केसांचा थर येतो. उन्हाळा लागला की तो विंचरून काढतात. हीच पश्मिना. काश्मीर पश्मिनाला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या अटींनुसार धागा १६ मायक्रॉनपर्यंतचा, हाताने कातलेला आणि हातमागावर विणलेला असावा लागतो. ‘कश्मीर’ या नावाच्याच इंग्रजी उच्चारावरून आलेला ‘कॅश्मिअर’ हा शब्द जास्त ढिला आहे. चीन आणि मंगोलियातल्या बकऱ्यांचा बारीक केसही त्यात येतो. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे त्याची सरासरी जाडी १९ मायक्रॉनपर्यंत चालते आणि तो बहुतेक यंत्रावर कातला जातो. म्हणून प्रत्येक पश्मिना कॅश्मिअर असते, पण प्रत्येक कॅश्मिअर पश्मिना नसते. लॅम्ब्सवूल म्हणजे कोकराची पहिली कातरणी, साधारण सात महिन्यांच्या वयाची. ती बहुधा २० मायक्रॉनच्या पुढे असते, पण मोठ्या मेंढीच्या लोकरीपेक्षा मऊ. आपल्या धनगरी घोंगडीची लोकर याहून बरीच जाड, म्हणून ती टोचते.

किमतीचा हिशेबही बकरीपासूनच करता येतो. एका बकरीपासून विंचरून पाव किलोच्या आसपास माल निघतो. धूळ, चरबी आणि जाड केस काढल्यावर त्याच्या निम्म्याहूनही कमी उरतो. पूर्ण आकाराच्या साध्या शालीला दोनशे ग्रॅमच्या आसपास धागा धरा, म्हणजे दोन-तीन बकऱ्यांचा वर्षाचा माल. तो चरख्यावर कातायला काही आठवडे, मग विणणं वेगळं. या सगळ्यांची मजुरी देऊन साडेतीन हजारात शाल होऊच शकत नाही. हा हिशेब मला आधी माहीत असता तर लायटर लागलाच नसता. नंतर मी विचारलेल्या किमती अशा होत्या: हातकताईच्या पश्मिनाचा साधा स्टोल दहा हजारांच्या वर, पूर्ण शाल वीस हजारांच्या पुढे, भरतकाम असेल तर कितीही. यंत्रावरच्या कॅश्मिअरचा स्टोल सहा ते दहा हजार. लॅम्ब्सवूलची पूर्ण शाल दीड ते साडेतीन हजार.

एवढे पैसे घालणार असाल तर कागद मागा. श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमध्ये पश्मिना तपासणी केंद्र आहे. तिथे धागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जाडी मोजतात, आणि केसावरचे खवलेही पाहतात, कारण मेंढीच्या केसावर ते जवळजवळ आणि जाड असतात, पश्मिनावर लांब लांब आणि पातळ. पास झालेल्या शालीला क्रमांक असलेलं लेबल लावतात आणि तो क्रमांक पडताळता येतो. नुसतं ‘प्युअर पश्मिना’ असं छापलेलं लेबल काहीच सिद्ध करत नाही. फारसीत ‘पश्म’ म्हणजे लोकर. विक्रेते तो शब्द मऊ दिसणाऱ्या कशालाही लावतात.

राहिली ऊब. लोकर स्वतः गरम नसते. तिच्या धाग्यांत अडकलेली स्थिर हवा अंगाची ऊब धरून ठेवते. धागा जितका बारीक, तितक्याच वजनात हवेचे कप्पे जास्त. म्हणून वजनाला वजन धरलं तर पश्मिना पहिली, कॅश्मिअर तिच्या मागोमाग, लॅम्ब्सवूल तिसरी. पण कोणी वजनाला वजन शाल घेत नाही. दोनशे ग्रॅमच्या पश्मिनासमोर चारशे-पाचशे ग्रॅमची लॅम्ब्सवूलची शाल ऊबेत मागे पडत नाही. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. आपल्याकडची थंडी बर्फाची नाही, पहाटेच्या दंवाची आहे. तिच्यासाठी हा गुण मोलाचा.

म्हणून आईसाठी मी शेवटी कुलूची लॅम्ब्सवूलची शाल घेतली, चोवीसशे रुपयांत. घेण्याआधी आडवा धागा मागून घेतला, दुकानदार हसला, पण त्याने दिला. गेल्या नव्या सोमवारी आई पहाटेपर्यंत बसली. तक्रार एकच, "जरा जड आहे हो." ती तक्रार खरी आहे. ज्यांचे खांदे दुखतात किंवा ज्यांना अंगावर वजन सोसत नाही, अशांसाठी पश्मिनाचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात. बाकीच्यांना आपल्या हवेत लॅम्ब्सवूल पुरते.

एक गोष्ट मात्र तिन्हींना सारखीच लागू. आपल्या पावसाळ्यात या शालींना बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. कसरीच्या अळीला घामाचे आणि तेलाचे डाग आवडतात, तेव्हा मे महिन्यात थंड पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, न पिळता, सावलीत आडवी पसरून पूर्ण सुकवा आणि सुती कापडात बांधून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो. पाऊस संपला की एकदा बाहेर काढून झटका.

ती साडेतीन हजारांची शाल अजून घरी आहे. सत्कारांच्या खणात, सगळ्यांत वर.