हरकत विचारायची ती कधी?

बैठकीची शेवटची पाच मिनिटे उरली की प्रमुख फाइल मिटत विचारतात, "कुणाची काही हरकत?" कुणी काही बोलत नाही आणि इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' असे लिहिले जाते. प्रश्न विचारला, म्हणजे विरोधाला वाव दिला, अशी यामागची समजूत असते. ती सपशेल चुकीची आहे. तोवर प्रमुखांचा कल सर्वांना कळलेला असतो, खर्चाचे आकडे मांडून झालेले असतात, घड्याळाकडे डोळे लागलेले असतात. अशा वेळी तोंड उघडणारा माणूस सभेचा खोळंबा करणारा ठरतो. गप्प बसलेल्यांना सहमत धरायचे आणि पुढे काम फसले की 'तेव्हा का नाही बोललात?' असे त्यांनाच विचारायचे, ही तर प्रमुखाने स्वतःसाठी करून ठेवलेली सोय झाली.

एप्रिल 1961 मध्ये क्यूबाच्या 'बे ऑफ पिग्ज' किनाऱ्यावर अमेरिकेची झालेली फजिती याचा उत्तम दाखला आहे. सीआयएने तयार केलेल्या सुमारे 1,400 क्यूबन निर्वासितांनी तिथे उतरून कॅस्ट्रोची सत्ता उलथायची, असा बेत होता. तीन दिवसांत सारे आटोपले. शंभरावर माणसे मेली, सुमारे 1,200 पकडली गेली. मानसशास्त्रज्ञ आयर्व्हिंग जॅनिस यांनी 1972 मध्ये गटाच्या या एकसुरी विचाराचे विवेचन केले, तेव्हा त्यांच्यापुढे हे प्रमुख उदाहरण होते. अध्यक्ष केनेडींच्या भोवती होयबा बसले होते, असे म्हणून ते निकालात काढता येत नाही. मंडळी हुशार होती आणि काहींचा विरोधही होता. इतिहासकार आर्थर श्लेझिंजर यांनी टिपण लिहून अध्यक्षांना आपली नापसंती कळवली होती. बैठकीत मात्र ते गप्प राहिले. अध्यक्षांचे मन ठरले आहे, आता फाटे फोडू नका, असे त्यांना खुद्द अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी बजावले होते. 4 एप्रिलच्या बैठकीत सिनेटर फुलब्राइट यांनी बेत उघडपणे धुडकावला. पण ते बाहेरून आलेले पाहुणे. त्यांच्या मुद्द्यांवर चर्चा झाली नाही. केनेडींनी एकेकाचा कौल घेतला आणि मंडळी होकार देत गेली.

या बेतातली एक गोष्ट जवळून पाहण्याजोगी आहे. आधी सैनिक त्रिनिदाद या गावाजवळ उतरणार होते. डाव फसलाच, तर मागे एस्कांब्रे डोंगर होता, तिथे पांगून गनिमी कावा चालवता आला असता. फार गाजावाजा होईल म्हणून मार्चमध्ये ही जागा बदलून दलदलीतला किनारा ठरला. तिथून डोंगर सुमारे 130 किलोमीटर दूर, मध्ये सारा चिखल. तरीही 'नाहीच जमले तर डोंगरात निघून जातील' हे गृहीतक चर्चेत तसेच टिकून राहिले. ते उघडे पाडायला सेनापती असण्याची गरज नव्हती, नकाशा पुरेसा होता. दुसरी गोष्ट शब्दांची. लष्करप्रमुखांच्या अहवालात यशाची शक्यता 'बऱ्यापैकी' असल्याचे म्हटले होते. लिहिणाऱ्यांच्या मनात आकडा होता साधारण तीस टक्के. वाचणाऱ्यांनी तो शब्द आपल्या उत्साहाच्या मापाने मोजला.

यावरून काय करावे हे बऱ्यापैकी स्पष्ट होते. प्रमुखाने आपला कल सांगण्याआधी प्रत्येकाकडून अर्धे पान लेखी मागवावे. त्यात तीन गोष्टी असाव्यात: हा बेत कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, त्यातले सर्वांत कच्चे कोणते, आणि यशाची शक्यता टक्क्यांत किती. सहा जणांचे आकडे तीसपासून ऐंशीपर्यंत पसरले, तर एकमत नाही हे बैठकीआधीच कळते. मग तीसवाल्याला पहिल्यांदा बोलायला सांगावे. बेतात बदल झाला की गृहीतकांची यादी पुन्हा वाचावी, कारण डोंगराची चूक नेमकी तिथेच राहिली. तोंडी कौल घ्यायचाच, तर तो कनिष्ठापासून वर घ्यावा. भारतीय लष्कराच्या कोर्ट मार्शलमध्ये मते सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून घेतात. जिथे हुकूम पाळणे हाच धर्म, तिथेही ही काळजी घेतली जाते. आपल्या कचेऱ्यांत साहेब आधी बोलतात आणि मग बाकीचे त्यांची री ओढतात.

एकाला विरोधक नेमले की झाले, असा तोडगा हल्ली लोकप्रिय आहे. मला तो लटका वाटतो. मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांच्या प्रयोगांत नेमलेल्या विरोधकापेक्षा मनापासून विरोध करणाऱ्यामुळे गटाचा विचार अधिक पुढे गेला. कारण उघड आहे. भूमिका वठवणाऱ्याचे ऐकून घेतात, मनावर घेत नाहीत. व्हिएतनाम युद्धाच्या काळात जॉर्ज बॉल यांचे असेच झाले. ते खरोखर विरोधात होते, पण अध्यक्ष जॉन्सन यांच्या दरबारात त्यांना घरचा विरोधक ही जागा मिळाली. त्यांचे बोलून झाले की सर्वांची सदसद्विवेकबुद्धी शांत होई आणि युद्ध पुढे चाले. त्यापेक्षा गॅरी क्लाइन यांची रीत बरी. बेत अंमलात आला आणि सहा महिन्यांत साफ फसला, असे समजून प्रत्येकाने कारणे लिहायची. इथे शंका काढणे हा अपशकुन राहत नाही, ते सर्वांना दिलेले काम होते.

आक्षेप येतात. एक विद्वानांचा: बे ऑफ पिग्ज ही गटाच्या मनाची नव्हे, तर केनेडींच्या राजकीय हिशोबाची चूक होती, असे जॅनिस यांच्या टीकाकारांनी म्हटले आहे. त्यात तथ्य आहे. क्यूबाबाबत मवाळ दिसणे केनेडींना परवडणारे नव्हते. पण राजकीय हिशोबालाही डोंगर कुठे आहे हे ठाऊक असावे लागतेच. शिवाय ऑक्टोबर 1962 मध्ये, क्यूबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचात, याच केनेडींनी रीत बदलली. काही बैठकांना ते मुद्दाम गेले नाहीत, हुद्द्यांचा मान बाजूला ठेवला गेला, दोन गटांनी आपापले प्रस्ताव लिहून एकमेकांचे तपासले. पहिल्या दिवशी हवाई हल्ल्याकडे झुकलेल्या अध्यक्षांनी सहा दिवसांनी नाकेबंदी जाहीर केली. एवढ्यावरून रीतीमुळेच युद्ध टळले असे म्हणता येणार नाही. शेवटची तडजोड तर मूठभरांनीच गुप्तपणे ठरवली. पण पहिला कल हाच शेवटचा निर्णय ठरला नाही, एवढे खरे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: एवढा काथ्याकूट करायला वेळ कुणाला? चहाचा ठेका कुणाला द्यायचा, यासाठी हे करूच नये. जो निर्णय मागे घेता येत नाही, त्याच्यापुरते हे आहे, आणि अर्धे पान लिहायला वीस मिनिटे लागतात. तिसरा शिस्तीचा: अशाने फाटाफूट होईल. फाटाफूट निर्णयानंतरच्या कुरबुरीने होते, आणि ज्याची हरकत कागदावर घेऊन तिला उत्तर दिले गेले, त्याला कुरबुरीचे कारण कमी उरते. मात्र उत्तर खरेच द्यावे लागते. मागवलेली टिपणे न वाचता फाइलला लावली, तर पुढच्या खेपेला सगळे ऐंशी टक्के लिहून मोकळे होतील. म्हणून इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' याऐवजी मुख्य हरकत, ती स्वीकारली की नाही, आणि नसेल तर का, हे तीन ओळींत लिहावे. गेल्या वर्षभरातली इतिवृत्ते काढून हरकतीमुळे बेत बदलला असा एक तरी निर्णय सापडतो का, हे प्रमुखाने पाहावे. सापडत नसेल आणि जिन्यात मात्र शंका ऐकू येत असतील, तर शंका आहेत, फक्त त्या त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत.