बेरी : तुपाच्या तळाशी उरलेला ठेवा

लोणी कढवून तूप गाळले की गाळणीत आणि कढईच्या तळाशी जो बदामी, रवाळ गाळ उरतो, त्याला मराठीत बेरी म्हणतात. गुजराती घरांत तो बगरू किंवा कीटू या नावाने ओळखला जातो. आचार्य देवेंद्रसूरींच्या पच्चक्खाण भाष्यात घी-विगईचे जे पाच निवियाते सांगितले आहेत, त्यांतही तापवलेल्या तुपाच्या मळाला, म्हणजे किट्टीला, स्वतंत्र स्थान दिलेले आहे. ज्या पदार्थाची शास्त्रकारांनी इतक्या बारकाईने गणना केली, तो आज बहुतेक घरांत भांडी घासण्याच्या वेळी मोरीत जातो. तेथे तो नळी तुंबवतो. कचऱ्याच्या डब्यात टाकला तर तासाभरात मुंग्यांची रांग लागते. जयणेच्या दृष्टीने दोन्ही मार्ग सदोषच.

पुण्याच्या मार्केटयार्ड परिसरातील एका कुटुंबात गेल्या चातुर्मासात याच गाळावरून सासू-सुनेचा काही दिवस अबोला झाला होता. सासूबाई बेरी स्टीलच्या डब्यात जमवून ठेवीत आणि डबा भरला की वड्या करीत. एकदा त्या वड्यांना खवट वास आला, नातवाने पहिलाच घास थुंकला, आणि पुढच्या खेपेस सूनबाईंनी बेरी न विचारता टाकून दिली. ‘‘आई, पोटाला बाधेल असे ठेवायचे कशाला?’’ एवढेच त्या म्हणाल्या. सासूबाईंना वाईट वाटले ते वड्यांचे नव्हे. चाळीस वर्षे जे सांभाळले, ते एका वाक्यात निरुपयोगी ठरले याचे.

खरे पाहता दोघींचेही अर्धे बरोबर होते. बेरी टाकण्याजोगी वस्तू नाही, आणि ती महिनाभर साठवण्याजोगीही नाही. ती मूळची काय आहे, हे ध्यानात घेतले की हा पेच सुटतो.

दुधातील प्रथिने, थोडी दुग्धशर्करा आणि क्षार लोण्याबरोबर किंवा सायीबरोबर कढईत येतात. पाणी उकळून उडून गेले की हे घन कण तळाशी बसतात आणि उष्णतेने प्रथिने व शर्करा यांचा संयोग होऊन त्यांना बदामी रंग व खमंग वास येतो. परंतु या कणांना बरेचसे तूप चिकटून राहते. बरणीतले तूप एकसंध असल्यामुळे हवेपासून बरेचसे सुरक्षित असते. बेरीवरचे तूप मात्र असंख्य कणांवर पातळ थराने पसरलेले असते. त्याला हवा सर्व बाजूंनी लागते आणि ते लवकर खवट होते. सासूबाईंचा डबा तर आठवड्याआठवड्याने थोडी थोडी भर पडत सहा आठवडे फळीवर होता. सर्वांत जुन्या थराने सगळ्याच डब्याची चव नासवली.

दुसरी गोष्ट तुपाच्या पद्धतीची. या घरात दररोज दोन लिटर म्हशीचे दूध येते. आठवड्याची साय साधारण पाऊण किलो भरते. सासूबाई सायीला विरजण लावून, घुसळून लोणी काढीत. अशा लोण्यातील बरीच प्रथिने ताकाबरोबर निघून जातात, म्हणून बेरी दोन-तीन चमचेच निघते आणि तिला किंचित आंबट चव असते. सूनबाई साय तशीच कढईत घालून मंद आचेवर आटवतात. त्यात ताक वेगळे होत नसल्यामुळे सगळा घन भाग कढईतच राहतो. बेरी जवळजवळ पाऊण वाटी निघते आणि ती गोडसर, खव्यासारखी लागते. लोण्याबाबत आपल्या घरांत असलेला नियम येथे आठवावा : ताकातून वेगळे झालेले लोणी अंतर्मुहूर्ताच्या, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत अग्नीवर चढले पाहिजे. साय किती दिवस साठवावी याविषयी घराघरांत मते निराळी असतील. लोण्याच्या बाबतीत मात्र सवलत नाही.

बेरीचे सगळे भवितव्य शेवटच्या चार-पाच मिनिटांत ठरते. तूप कढताना आरंभी मोठे बुडबुडे आणि तडतड आवाज असतो, तो पाण्याचा. आवाज मंदावला, फेस बारीक झाला आणि तूप पारदर्शक होऊन तळ दिसू लागला की चमच्याने तळाचा गाळ थोडा वर घेऊन पाहावा. पांढरट असेल तर त्यात पाणी शिल्लक आहे. फिकट बदामी झाला की आच लगेच बंद करावी. पूर्ण बदामी होण्याची वाट पाहू नये, कारण जाड बुडाच्या कढईत उरलेल्या उष्णतेने तो पुढे शिजतच राहतो. तूपही लगेच गाळून घ्यावे. गाळ तपकिरी झाला तरी चालतो, परंतु काळा झाला, दाताखाली खडा लागला आणि जिभेवर कडवटपणा राहिला, तर त्याचा मोह सोडावा. जळकी चव गुळाने किंवा वेलदोड्याने झाकली जात नाही. तिथी नसेल तेव्हा काही घरांत तुपात विड्याचे पान टाकतात. तेही बेरीतून आधी काढून टाकावे, नाही तर त्याचे करपलेले तुकडे वडीत येतात.

सूनबाईंची गोड बेरी वडीला योग्य. त्या घरात नंतर ठरलेले प्रमाण असे : एक वाटी बेरी, एक वाटी कणीक, पाऊण वाटी किसलेला मऊ गूळ, थोडी वेलदोड्याची पूड. पाऊण वाटी बेरी निघाली तर बाकीची मापेही त्याच हिशेबाने घ्यावीत. बेरी खलबत्त्यात कुटून एकसारखी करावी. ती जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवली की तीन-चार मिनिटांत तिचेच तूप सुटू लागते. त्यातच कणीक घालून दहा-बारा मिनिटे भाजावी. कोरडी वाटली तरच चमचा-दोन चमचे तूप वरून घालावे. कणकेचा रंग बदलून घरभर वास सुटला की कढई खाली उतरवावी, दोन मिनिटे थांबावे आणि मग गूळ घालून भराभर मिसळावे. हीच ती सुखडी किंवा गोळपापडी. फरक एवढाच की अर्धे काम बेरीने केलेले असते. गूळ आचेवर असताना घातला तर त्याचा पाक होतो आणि वडी दगडासारखी बसते. उलट मिश्रण फार गार झाल्यावर घातला तर गूळ विरघळत नाही आणि वडी भुसभुशीत होऊन मोडते. ताटलीत थापून गरम असतानाच सुरीने रेघा पाडाव्यात.

या वडीत पाण्याचा किंवा दुधाचा थेंबही जाऊ देऊ नये. पुष्कळ गृहिणी बेरी मऊ करण्यासाठी तीत चमचाभर दूध घालतात. चव छान येते, परंतु ती वडी मग त्याच दिवशी, सूर्यास्तापूर्वी, संपवावी लागते. कोरड्या मिठाईचा काळ श्वेतांबर परंपरेत पावसाळ्यात पंधरा, उन्हाळ्यात वीस आणि हिवाळ्यात तीस दिवसांचा मानतात. ही बाहेरची सीमा झाली. बेरीच्या वडीला पावसाळ्यात सहा-सात दिवसांपलीकडे ठेवूच नये, आणि त्याआधीही तेलकट, रंगासारखा वास आला तर ती खाण्याची नाही असे समजावे.

ओली बेरी हा वेगळा प्रकार. कढईला चिकटलेली बेरी खरवडून निघत नाही. त्याच कढईत अर्धी वाटी पाणी घालून ते कडकडीत तापवले की चिकटलेले कण सुटतात आणि त्यांच्यातले तूपही पाण्यावर तरंगते. सासूबाईंच्या माहेरी हे पाणी कोमट होताच त्याच कढईत कणीक भिजवली जाई. कढईही स्वच्छ, आणि ओल धरून जीवोत्पत्ती होण्यास अवसरच नाही.

आंबट बेरीचे खरे स्थान हेच. दोन वाट्या कणकेला अर्धी वाटी बेरी पुरते, म्हणजे फार तर पाव हिस्सा. तीन-चार चमचेच निघाली असेल तर कणीकही त्या बेताने वाटीभरच घ्यावी. तीत जिरे, मिरपूड, हिंग, हळद व मीठ घालावे. वेगळे मोहन लागत नाही. बेरी याहून जास्त झाली तर कणकेला चिवटपणा येत नाही, पोळी कडेला फाटते आणि उलटताना तुटते. दशमीसारखी जरा जाडसरच लाटावी व तवा मध्यम ठेवावा, कारण बेरीचे कण आधीच भाजलेले असतात आणि तीव्र आचेवर ठिपक्याठिपक्यांनी करपतात. ती फुलकीसारखी टम्म फुगत नाही. त्यात काही बिघडले असे मानू नये. पातळ खाकरे करायचे असतील तर बेरी चाळून घ्यावी, अन्यथा लाटताना प्रत्येक कणापाशी भोक पडते.

भाताची कृती सर्वांत लहान. वाटीभर तांदळाचा मोकळा भात करावा. छोट्या कढईत दोन चमचे बेरी मंद आचेवर गरम करावी, तिचे तूप सुटले की त्यात जिरे आणि जाडसर कुटलेले मिरे टाकावेत, मीठ घालून आच बंद करावी आणि मग गरम भात हलक्या हाताने मिसळावा. पर्युषणात हिरवे वर्ज्य असते तेव्हा कढीपत्ता-कोथिंबिरीशिवायही या भाताला चव उणी पडत नाही. निवी करणाऱ्यांनी मात्र यातील काय चालेल हे गुरुमहाराजांना विचारून घ्यावे. किट्टी निवियात्यात आहे म्हणून गुळाची वडीही चालेल, असा तर्क परस्पर काढू नये.

मार्केटयार्डच्या त्या घरातील स्टीलचा डबा आता काढून टाकला आहे. तूप रविवारी सकाळी कढते. गोड बेरी असेल तर त्याच दुपारी वड्या होतात. सासूबाईंनी विरजण लावले असेल तर जेवणात दशम्या असतात. वडीतला गूळ अजून सासूबाईच घालतात, कारण कढई उतरवल्यावर नेमके किती थांबायचे हे त्यांना घड्याळ न पाहता कळते. नातू आता ताटलीपाशी उभा राहून कडेचे तुकडे मागतो.