मित्राच्या व्हॉट्सॲपवर नवं फीचर, तुमच्या फोनवर का नाही?

पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करण्याची सोय व्हॉट्सॲपने मे २०२३ मध्ये जाहीर केली. बातमी वाचून अनेकांनी लगेच मेसेज दाबून पाहिला. काहींना ‘Edit’ दिसलं, काहींना नाही. घोषणेतच म्हटलं होतं, की ही सोय सर्वांपर्यंत पोहोचायला काही आठवडे लागतील. पण हे वाक्य फारसं कुणी वाचलं नाही.

टप्प्याटप्प्याने का?

नव्या फीचरमध्ये चूक निघाली तर ती सगळ्यांच्या फोनवर एकदम जाऊ नये, म्हणून. ॲपलच्या ॲप स्टोअरवर टप्प्याटप्प्याच्या पद्धतीत ऑटो-अपडेट पहिल्या दिवशी फक्त १ टक्का लोकांना मिळतं. मग २, ५, १०, २०, ५० आणि सातव्या दिवशी १०० टक्के. प्ले स्टोअरवर ही टक्केवारी कंपनी स्वतः ठरवते आणि गडबड दिसली तर वाटप मध्येच थांबवते.

व्हर्जन सारखंच, तरी फरक?

अनेकदा फीचर अपडेटसोबत फोनमध्ये आलेलं असतं, पण बंद असतं. ते कोणत्या खात्यासाठी चालू करायचं, हे कंपनीचा सर्व्हर ठरवतो. म्हणून ॲप काढून पुन्हा टाकल्याने सहसा काही बदलत नाही. उलट बॅकअप नसेल तर जुनी चॅट मात्र जातात.

काळजी कधी करायची?

आधी ‘Settings’, ‘Help’, ‘App info’ इथे जाऊन दोन्ही फोनमधलं व्हर्जन ताडून पाहा. दोन्ही फोन अँड्रॉइड किंवा दोन्ही आयफोन असावेत, कारण दोन्हींचे आकडे वेगळे असतात. व्हर्जन सारखं असेल तर थांबा, तुमची पाळी यायची आहे.

तुमचं व्हर्जन बरंच मागे असेल तर स्टोअरमध्ये ‘Update’ दाबा. तिथे फक्त ‘Open’ दिसत असेल, तर एक-दोन आठवडे वाट पाहा. तरीही अपडेट आलं नाही, तर फोनची सिस्टीम जुनी झाली असण्याची शक्यता आहे. हे मनावर घ्या, कारण अपडेटमधून सुरक्षेच्या दुरुस्त्याही येतात.

खरा धोका वेगळाच आहे. ‘नवं फीचर हवंय? ही फाइल टाका’ असा मेसेज ग्रुपवर येतो. ती एपीके फाइल टाकली, की एसएमएसमधला ओटीपी वाचण्याची परवानगी अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकते. जीबी व्हॉट्सॲपसारखी नकली ॲप वापरणाऱ्यांची खातीही व्हॉट्सॲप बंद करतं.

‘तुमच्यासाठी हे फीचर अजून सुरू झालेलं नाही’ एवढी एक ओळ ॲपमध्येच दिसली, तर असल्या लिंकांचं निम्मं आकर्षण संपेल. कंपन्यांनी ती दाखवायला हवी. तोपर्यंत लक्षात ठेवा, रांगेत पुढे नेणारी लिंक नसते.