पंखा चढतो-उतरतो तेव्हा

'मशीन फार आवाज करतंय' अशी तक्रार आली की आपला हात आधी ब्लोअरकडे जातो, मग थर्मल पेस्टकडे. त्याआधी ग्राहकाला एक प्रश्न विचारायला हवा: आवाज सलग आहे की चढतो-उतरतो? सलग घोंगावत असेल तर धूळ तपासा. तीन पिनांचा पंखा असेल तर हेडर PWM मोडवर नाही ना, तेही पाहा. तशा जोडणीत पंख्याला कायम पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. पण दर दहा सेकंदांनी हुंकारणारा पंखा बहुधा कर्व्हचा बळी असतो.

जानेवारीत एका अकाउंटंटचं Ryzen 5 3600 चं मशीन आमच्या टेबलावर होतं. हीटसिंक स्वच्छ, पेस्ट ताजी. नुसतं बसलेलं असताना ४२ अंश. ब्राउझरचा टॅब उघडला की क्षणात ६३ आणि लगेच पुन्हा ४५. बायॉसमध्ये कर्व्ह ४० अंशांना ३० टक्के आणि ६० अंशांना ७५ टक्के असा उभा चढलेला. म्हणजे प्रत्येक टॅबमागे पंखा धावत सुटायचा. ती धाव वाया जात होती. तापते ती नखाएवढी चिप, आणि पंखा थंड करतो तो हीटसिंकचा धातू. त्या एका सेकंदात धातूला उष्णतेची फारशी खबरही लागलेली नसते.

आम्ही ६५ अंशांपर्यंत रेषा ४० टक्क्यांवर सपाट ठेवली, ७५ ला ६५ टक्के, ८५ ला १०० टक्के. शिवाय Step Up ची वेळ वाढवली, म्हणजे तापमान काही सेकंद टिकलं तरच पंखा चढेल. वेग निम्मा झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, त्यामुळे फरक खोलीच्या दारातूनच कळला. त्याची किंमत किती? वीस मिनिटं पूर्ण लोड दिल्यावर आधी ७८ यायचे, आता ८१.

इथे मात्र थांबून विचार करायला हवा. ही चाचणी २२ अंशांच्या खोलीतली. खोली जितकी तापते, जवळजवळ तितकंच चिपचं रीडिंग वर सरकतं. हेच मशीन मे महिन्यात चंद्रपूरच्या ४२ अंशांच्या खोलीत ठेवलं, तर पंखा पूर्ण वेगात असूनही हिशेब ९८ वर जातो. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःच क्लॉक उतरवतो आणि ग्राहक 'मशीन स्लो झालं' म्हणत परत येतो. म्हणून शांततेसाठी कर्व्हचं वरचं टोक ८० टक्क्यांवर बांधून ठेवू नका. आवाज कापायचा तो खालच्या भागात. आणि उन्हाळ्यात ज्या खोलीत एसी नाही, तिथल्या ग्राहकाला मोठा कूलर सुचवा. जॉबकार्डवर लोडच्या तापमानाशेजारी खोलीचं तापमानही लिहा; त्याशिवाय जानेवारीतल्या ८१ वरून मे महिन्याचा अंदाज बांधता येत नाही.