डबा की शिलाई?

मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात नेट टिकत नाही. माझ्या चुलतबहिणीकडे लॅपटॉपही नाही. तिच्यापुढे दोन धंदे होते, डबे किंवा शिलाई. भांडवल कमी, रोज रोकड, म्हणून तिनं डबे सुरू केले. आठवड्यात आडनाव कळलं आणि आठपैकी पाच गिऱ्हाइकं गळाली.

मग तिनं जुनी मशीन घेतली. साध्या ब्लाउजचे 120 रुपये, दोरा-हूक 15. दिवसाला तीन झाले तर 315 उरतात. पण सणाआधी गर्दी, एरवी शुकशुकाट, वर उधारी.

शिवलेल्या कपड्याला विटाळ लागत नाही, शिजवलेल्या भाताला लागतो. नेटविना धंदा निवडताना भांडवलाआधी हेच विचारावं लागतं: आपल्या हातचं घेणार कोण? हा प्रश्न सवर्णांना पडत नाही.