दहा वर्षांच्या मुलाचे पहिले घड्याळ



नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतली मुले परीक्षा देतात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले नवोदय कागलला आहे. पेपर दोन तासांचा, साडेअकरा ते दीड, आणि प्रश्न 80. त्यातले 40 बुद्धिमत्तेचे, त्यांना एक तास. गणिताचे 20, त्यांना अर्धा तास. भाषेचे 20, त्यांनाही अर्धा तास. ज्या मुलाला घड्याळ कळत नाही ते बुद्धिमत्तेच्या चित्रांतच रमून बसते आणि भाषेचे सोपे उतारे तसेच राहून जातात. घरी मोबाईलवर आकडे वाचणाऱ्या पुष्कळ मुलांना काट्यांचे घड्याळ वाचता येत नाही, हे आम्ही वारंवार पाहतो. म्हणून पहिले घड्याळ घ्यायचे ते काट्यांचेच घ्यावे. आकड्यांचे घड्याळ वेळ सांगते, पण किती वेळ उरला ते डोळ्यांना दाखवीत नाही.

आता दुकानात जाऊ. पहिल्यांदा डायल पाहावी. एक ते बारा हे सगळे आकडे ठळक छापलेले हवेत. बारा, तीन, सहा, नऊ एवढेच आकडे आणि बाकी रेघा, असे घड्याळ मोठ्यांना शोभते, शिकणाऱ्याला नको. रोमन आकडेही नकोत. कडेने मिनिटांच्या साठ बारीक खुणा हव्यात आणि मिनिट काटा त्या खुणांपर्यंत पोहोचला पाहिजे. पुष्कळ घड्याळांत तो आखूड असतो, मग मूल अंदाजाने सांगते. तास काटा आखूड आणि जाड असावा, म्हणजे दोघांची गल्लत होत नाही. तारखेची खिडकी नसली तर उत्तम, कारण ती बहुधा तीनचा आकडा खाऊन टाकते. कार्टूनची चित्रे असलेली डायल मुलाला आवडते खरी, पण चित्रावर काटे हरवतात. चित्र पट्ट्यावर असू द्या की!

मग एक परीक्षा करावी, जी दुकानदार आपणहून सांगत नाही. चावी बाहेर ओढून काटे सहा वाजताच्या जागी आणावेत. मिनिट काटा बरोबर बारावर असताना तास काटा बरोबर सहावर यायला हवा. तसेच फिरवत साडेसहावर न्यावे. आता तास काटा सहा आणि सातच्या नेमका मध्ये हवा. स्वस्त घड्याळांत हा काटा बसवतानाच तिरका बसलेला असतो. आपल्याला फरक पडत नाही, आपण मिनिट काट्यावरून सांभाळून घेतो. शिकणाऱ्या मुलाला मात्र तास काट्याची जागा हाच धडा असतो, आणि काटाच चुकीचा असेल तर मूल गोंधळणारच. असे घड्याळ परत करावे, दुसरे मागावे.

टिकाऊपणाचे पाहू. दहा वर्षांच्या मुलाचे मनगट बारीक असते. दोरा गुंडाळून माप घ्यावे आणि डायल मनगटाच्या बाहेर येणार नाही अशी पाहावी. बाहेर आलेली डायल बाकावर, दारावर आपटते. काच बहुधा दोन प्रकारची असते. प्लॅस्टिकची काच चरे पडून धुरकट होते, पण सहसा फुटत नाही. खनिज काचेवर चरे कमी पडतात, पण फरशीवर आपटली तर तडकते. खेळणाऱ्या मुलाला आम्ही प्लॅस्टिकची सुचवू. चामड्याचा पट्टा घामाने कुजतो आणि वास मारतो. रबरी पट्टा भोकापाशी चिरतो. नायलॉनचा विणलेला, घड्याळाच्या खालून आरपार जाणारा पट्टा सगळ्यांत बरा, कारण एका बाजूची पिन निघाली तरी घड्याळ पडत नाही. तो धुताही येतो.

पाठीवर 'वॉटर रेझिस्टंट' एवढेच लिहिलेले असले किंवा 30 मीटर लिहिलेले असले तर त्याचा अर्थ पावसाचे शिंतोडे आणि हात धुणे चालेल, एवढाच. उदगावला कृष्णेत पोहायला जाणाऱ्या मुलाला ते घालू देऊ नये. पोहायचेच असेल तर 100 मीटरचे पाहावे. पुढे सेल बदलताना पाठीमागची रबराची रिंग नीट बसली नाही तर कालचे चांगले घड्याळ आज पाणी घेते. काचेच्या आत धुके दिसले की त्याच दिवशी घड्याळजीकडे न्यावे. सेकंद काटा एकेक सेकंदाने न जाता चार-पाच सेकंदांची उडी मारू लागला, तर पुष्कळ घड्याळांत ती सेल संपत आल्याची खूण असते. मेलेला सेल आत ठेवू नये, तो पाझरून यंत्र खराब करतो. काढलेला सेल लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर जिवावर बेतू शकते.

काही घरांत आजोबांचे एच. एम. टी. जनता कपाटात असते. देवनागरी आकड्यांची जनताही निघत असे, आणि आपल्या मुलांना ती वाचायला छानच. पण ती घड्याळे चावीची, रोज चावी द्यावी लागते, आणि सरकारने एच. एम. टी.चा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय 2016 सालीच घेतला. ते घड्याळ शाळेत पाठवू नये. घरी शिकवायला मात्र वापरावे.

शिकवण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. एका जयसिंगपूरच्या घरात पाचवीतली मुलगी पावणेसातला 'पावणेआठ' म्हणत असे. तास काटा सातला जवळजवळ टेकलेला असतो, म्हणून तिला तो सातच वाटे, आणि मिनिट काटा नऊवर म्हणून वर पाऊण तास. तिच्या आईने एक युक्ती केली. भिंतीवरचे जुने घड्याळ उघडून, वेळ बरोबर लावून, सेकंद काटा ओढून काढला, मधली बारीक नट सोडवून मिनिट काटाही काढला. उरला फक्त तास काटा. आठ दिवस ते असेच चालू ठेवले. मग गल्लीचा दाखला दिला. जयसिंगपुरात गल्ल्यांना आकडेच आहेत. सहावी गल्ली सोडून सातवीकडे निघालेला माणूस सातवीच्या तोंडाशी आला तरी तो सातवीत पोहोचलेला नाही. सहावी सोडून पाव रस्ता चालला तर सव्वासहा, निम्मा चालला तर साडेसहा, पाव रस्ता उरला तर पावणेसात. आपल्या भाषेत ही मोजणी आधीच आहे, मुलाला ती काट्यावर दाखवायची एवढेच.

आठ दिवसांनी मिनिट काटा परत बसवला आणि पाचाचा पाढा घेतला: एकवर पाच, दोनवर दहा, नऊवर पंचेचाळीस. मधल्या मिनिटांचे आकडे, विशेषतः सत्तावीस, अठ्ठेचाळीस, मुलांना अडतात. ते वेगळे पाठ करून घ्यावे लागतात. मग तिला नवे घड्याळ दिले. त्यानंतर घरातले कोणी तिला किती वाजले हे विचारत नसे. 'बाबांची पाळी सुटायला किती वेळ आहे?' असे विचारत. उरलेला वेळ मोजता आला की घड्याळ आले.

नवोदयच्या सरावाला तिला हेच सांगितले: बारा वाजता बुद्धिमत्तेचे निम्मे, म्हणजे 20 प्रश्न झाले पाहिजेत. साडेबारा, मिनिट काटा खाली, बुद्धिमत्ता संपली. एक, काटा वर, गणित संपले. दीड, काटा पुन्हा खाली, पेपर दिला. परीक्षेच्या दिवशी घड्याळ आत नेऊ देतात की नाही, ते प्रवेशपत्रावरच्या सूचना वाचून घ्यावे. नेऊ देत नसतील तर वर्गाच्या भिंतीवर घड्याळ असल्यास ते पाहावे. तेही बहुधा काट्यांचेच असते.