ऑफर लेटर आलं, जॉइनिंग नाही, हप्त्याचं काय?

कॅम्पसमधून निवड झाली, ऑफर लेटरही आलं. पण जॉइनिंगची तारीख काही येत नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र तुमच्यासाठी थांबत नाही. बँकांच्या आदर्श योजनेत कोर्सनंतर साधारण एक वर्षाची सवलत असते, मग नोकरी लागो वा न लागो. बेरोजगारीच्या काळासाठी मुदतवाढीची सोयही याच योजनेत आहे. पण ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. द्यायची की नाही हे बँक ठरवते.

म्हणून पहिल्या हप्त्याच्या महिनाभर आधीच शाखेत लेखी अर्ज द्या. ऑफर लेटर आणि जॉइनिंग पुढे ढकलल्याचा कंपनीचा मेल जोडा, किती महिने हवेत ते लिहा, पोच घ्या. साहेबांच्या तोंडी ‘बघू’वर विसंबू नका.

मुदतवाढ म्हणजे व्याजमाफी नव्हे. बाकी ४ लाख आणि व्याज १० टक्के असेल, तर महिन्याला साधारण ३,३३३ रुपये चढतात. सहा महिन्यांत २० हजार. जमलं तर निदान तेवढं व्याज भरत राहा.

आणि मंजुरीआधीच हप्ता चुकला तर? बँक दंड लावू शकते. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या नियमानुसार तो व्याजदरात मिसळता येत नाही, त्यावर पुन्हा व्याजही लावता येत नाही. स्टेटमेंटमध्ये तसं दिसलं तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खातं एनपीए होतं, आणि सहकर्जदार म्हणून सही केलेल्या बाबांच्या सिबिलवरही ते दिसतं.